नऊ दिवसांची गणपतीची रजा: आपोआप जाणाऱ्या उत्तरात काय लिहायचं आणि कुठे चुकतं

प्रश्न: मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत डिस्पॅच आणि ग्राहकांचा पत्रव्यवहार बघतो. यंदा गणपतीला 13 ते 20 सप्टेंबर रजा आहे. आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. मेलवर आपोआप उत्तर जाईल असं लावायचंय, त्यात सहकाऱ्याचा नंबर आणि परत येण्याची तारीख द्यायची आहे. नेमकं काय लिहू आणि कसं लावू? मेल जीमेलवर आहे, कंपनीच्या डोमेनचा.

उत्तर:

सेटिंगला दोन मिनिटं लागतात. मजकूर ठरवायला मात्र अर्धा तास काढा, आणि त्यातली वीस मिनिटं सहकाऱ्याशी बोलण्यात घालवा. तुम्हाला मेल करणाऱ्याला तुमच्या रजेशी काही देणंघेणं नसतं. त्याला तीनच गोष्टी कळायला हव्यात: माझा मेल आत्ता कोणी वाचतंय का, नसेल तर मी कोणाला गाठू, आणि थांबायचं ठरवलं तर किती दिवस. बहुतेक जण पहिली गोष्ट लिहायचीच विसरतात. मग समोरचा समजतो की उत्तरात ज्याचं नाव आलं त्याच्याकडे आपला मेल पोचला असणार, आणि तो वाट बघत बसतो. इकडे सहकाऱ्याला त्या मेलचा पत्ताच नसतो. म्हणून "तुमचा हा मेल पुढे पाठवला गेलेला नाही" हे वाक्य मजकुरात हवंच.

आधी तारखा पक्क्या करू. तुमची रजा रविवार 13 ते रविवार 20 सप्टेंबर 2026. सोमवारी 21 तारखेला कारखाना बंद. म्हणजे तुम्ही कामावर येणार मंगळवारी, 22 तारखेला. गणेश चतुर्थी 14 ला, म्हणजे तीही सोमवारीच येते. आता तुम्ही "20 सप्टेंबरपर्यंत रजेवर" असं लिहिलंत तर पुण्याचा ग्राहक 21 ला सकाळी फोन लावणार, कारण त्याच्या हिशोबात सोमवार हा कामाचा दिवस. त्याच्याकडे रविवारी सुट्टी असेल, किंवा भोसरीकडे काही ठिकाणी असते तशी गुरुवारी. आपली सोमवारची सुट्टी त्याच्या डोक्यात नसते. "पर्यंत" या शब्दात तो शेवटचा दिवस धरलाय की नाही, हेही प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवतो. त्यामुळे रजा संपण्याची तारीख न देता कामावर येण्याची तारीख द्या, वारासकट: "मंगळवार, 22 सप्टेंबर". महिना अक्षरांत लिहा. माल परदेशात जात असेल तर 10/9 ही तारीख अमेरिकेतला माणूस 9 ऑक्टोबर अशी वाचतो.

कामावर येण्याची तारीख आणि उत्तर मिळण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नऊ दिवसांचे मेल साचलेले असताना 22 ला सकाळी सगळ्यांना उत्तर देणं होत नाही. "उत्तर 23 तारखेच्या संध्याकाळपर्यंत देईन" असं लिहिलं की 22 चा दिवस तुम्हाला शांतपणे मिळतो आणि शब्दही मोडत नाही.

आता सहकाऱ्याचं. गणपतीत ही सगळ्यात नाजूक बाजू, कारण ज्याचं नाव देणार तोही त्याच आठवड्यात गावी असण्याची शक्यता दांडगी. गौरी येतात त्या दोन-तीन दिवसांत अर्धं ऑफिस रिकामं असतं. नाव लिहिण्याआधी त्याला तोंडी विचारा आणि 13 ते 21 मधल्या त्याच्या सुट्ट्या तारखेनिशी लिहून घ्या. तो 17 ते 19 नसेल तर त्या तीन दिवसांसाठी दुसरं नाव लागेल. पण हे वेळापत्रक ग्राहकाच्या डोक्यावर टाकू नका. माणसाच्या मेलऐवजी विभागाचा सामायिक पत्ता द्या, `dispatch@तुमचेडोमेन` असा, आणि तो त्या दिवशी जो हजर आहे त्याने उघडायचा हे आत ठरवा. ग्राहकाला एकच पत्ता दिसावा.

फोन नंबर देताना एक गोष्ट हमखास निसटते. 0231 चा ऑफिसचा नंबर दिला तर सोमवारी 14 ला आणि 21 ला तो रिकाम्या खोलीत वाजत राहणार. डिस्पॅचचे खरे तातडीचे फोन बरेचदा त्याच दिवशी येतात, कारण रविवारी भरलेली गाडी सोमवारी वाटेत असते. त्यामुळे विभागाचा कंपनीचा मोबाईल द्या. सहकाऱ्याचा खाजगी नंबर त्याने स्वतः हो म्हटल्याशिवाय देऊ नका. एकदा तो बाहेर गेला की वर्षभर त्यावर फोन येत राहतात.

होकार मिळाला तरी काम झालं असं नाही. त्या माणसाच्या हातात काय आहे ते तपासा. समजा पुण्याला निघालेली गाडी वाटेत बंद पडली. माल दुसऱ्या गाडीत भरला की त्या गाडीचा नंबर ई-वे बिलात घालावा लागतो. ई-वे बिलाची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. कोल्हापूर ते पुणे साधारण 230, म्हणजे दोन दिवस मिळतात. ती मुदत वाढवायची असेल तर संपण्याआधी 8 तास ते संपल्यानंतर 8 तास, एवढीच सवड असते. ट्रान्सपोर्टवाल्याने तुम्हाला मेल केला, त्याला तुमचं आपोआप उत्तर गेलं, त्याने दिलेल्या नंबरवर फोन केला, आणि सहकारी म्हणाला "माझ्याकडे लॉगिन नाही", तर ते उत्तर असून नसल्यासारखं. रजेच्या दोन दिवस आधी त्याला त्याच्या स्वतःच्या लॉगिनने पोर्टल उघडून दाखवायला सांगा. तुमचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देणं हा उपाय नाही. त्याच्यासाठी वेगळा उप-वापरकर्ता करून घ्या. तोच प्रकार चलनाचं सॉफ्टवेअर, इनव्हॉइसचे नंबर आणि ड्रॉइंगच्या फोल्डरचा.

कोणत्या कामाला कोण, हे मजकुरात वेगवेगळं लिहा. तुमच्याकडे येणाऱ्या मेलमध्ये न थांबणारी कामं दोनच दिसतात: वाटेतली किंवा निघणारी गाडी, आणि मालातला दोष. दोषाच्या तक्रारीवर वाहन कंपन्यांचे ग्राहक बहुधा चोवीस तासांत पहिलं उत्तर मागतात: माल बाजूला काढला का, उरलेला साठा तपासला का. हे डिस्पॅचच्या माणसाला सांगता येत नाही, म्हणून तिथे क्वालिटीचं नाव हवं. दोनापेक्षा जास्त नावं देऊ नका. चार नावांची यादी दिसली की माणूस चौघांनाही मेल करतो, आणि चौघेही दुसरा बघेल म्हणून सोडून देतात.

हे सगळं बसवलं की मजकूर असा होतो:

```
विषय: रजेवर, मंगळवार 22 सप्टेंबरला परत

नमस्कार,

मी रजेवर आहे. मंगळवार, 22 सप्टेंबरला सकाळी
कामावर येईन. तोपर्यंत मी मेल पाहणार नाही, आणि
तुमचा हा मेल पुढे कोणाकडे पाठवला गेलेला नाही.

गाडी, चलन, ई-वे बिल: (नाव), डिस्पॅच
मोबाईल (नंबर), मेल (विभागाचा पत्ता)

मालातील दोष किंवा तक्रार: (नाव), क्वालिटी
मोबाईल (नंबर), मेल (विभागाचा पत्ता)

यांना लिहिताना मूळ मेल जोडावा, ही विनंती.
14 व 21 सप्टेंबरला (सोमवार) कारखाना बंद आहे.
त्या दिवशी गाडीसंबंधी फक्त मोबाईलवर संपर्क करावा.

इतर मेलना 23 सप्टेंबरच्या संध्याकाळपर्यंत
उत्तर देईन.

(तुमचं नाव, हुद्दा)
```

विषयाच्या ओळीत तारीख आहे ती मुद्दाम. मोबाईलवर मेल न उघडता तेवढीच ओळ दिसते, आणि घाईतल्या माणसाला बरेचदा तेवढ्यानेच भागतं. "मूळ मेल जोडावा" हे वाक्य सहकाऱ्यासाठी आहे. ते नसेल तर त्याला "कालच्या मेलचं काय झालं?" एवढीच ओळ येते आणि मागचं काहीच कळत नाही.

रजेचं कारण आणि गावाचं नाव मजकुरात नाही, तेही मुद्दाम. हे उत्तर अनोळखी माणसालाही जातं. नऊ दिवस घर बंद आहे हे त्याला कळण्याचं कारण नाही. त्याहून मोठा धोका पैशांचा. अमुक माणूस जागेवर नाही आणि त्याचं काम तमुक बघतोय, एवढं कळलं की "आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढचं पेमेंट इथे करा" असा बनावट मेल त्या तमुकलाच टाकता येतो. सहकाऱ्याला आणि अकाउंट्सला सांगून ठेवा: माझ्या रजेत खातं बदलण्याची कोणतीही विनंती मेलवर मान्य करायची नाही. पुरवठादाराच्या जुन्या, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं.

भाषेचं म्हणाल तर तुमचे काही ग्राहक मराठी वाचणारे नसतील. जीमेलमध्ये एकच मजकूर लावता येतो. मग वर इंग्रजीत चार-पाच ओळी आणि खाली मराठी, असं एकाखाली एक ठेवा. इंग्रजीत नावं, नंबर आणि तारखा तंतोतंत त्याच आहेत ना, हे दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. एका भाषेत दुरुस्त केलेला नंबर दुसरीत जुनाच राहतो, ही चूक स्वतःला दिसत नाही.

आता जीमेलमध्ये लावणं. संगणकावर वर उजवीकडच्या चाकावर जाऊन `See all settings` उघडा. `General` मध्ये अगदी खाली `Vacation responder` आहे. `Vacation responder on` निवडा. `First day` मध्ये 13 सप्टेंबर टाका. `Last day` समोरच्या चौकटीत खूण करून 21 सप्टेंबर टाका, 20 नाही आणि 22 ही नाही. उत्तर पहिल्या दिवशी रात्री 12 वाजता सुरू होतं आणि शेवटच्या दिवशी रात्री 11:59 ला थांबतं. 20 टाकलंत तर सोमवारचे मेल उत्तराविना राहतील. 22 टाकलंत तर तुम्ही खुर्चीवर बसलेले असताना ग्राहकाला "मी रजेवर आहे" जाईल. `Last day` ची खूण राहून गेली तर हे उत्तर तुम्ही हाताने बंद करेपर्यंत जातच राहतं.

खाली `Only send a response to people in my Contacts` अशी चौकट आहे. कंपनीच्या जीमेलमध्ये तिच्या शेजारी फक्त आपल्या संस्थेतल्यांनाच उत्तर पाठवण्याची दुसरीही असते. तुमच्या कामाला दोन्ही रिकाम्या ठेवा. नव्या ट्रान्सपोर्टवाल्याचा पत्ता तुमच्या संपर्कांत नसणार, आणि गाडी अडली की मेल त्याचाच येणार. शेवटी `Save Changes` दाबा. ते बटण पानाच्या तळाशी आहे आणि ते न दाबताच पान बंद करणारे पुष्कळ.

त्याच माणसाने पुन्हा पुन्हा मेल केले तरी जीमेल त्याला दर वेळी उत्तर पाठवत नाही. चार दिवसांनंतर त्याचा पुन्हा मेल आला तर पुन्हा पाठवतं. नऊ दिवसांत एकाच ग्राहकाला जास्तीत जास्त तीनदा जाईल, ते ठीक आहे. मधेच तुम्ही मजकूर बदललात तर ही मोजणी नव्याने सुरू होते आणि नवा मजकूर सगळ्यांना पुन्हा मिळू शकतो. हे उपयोगाचंही आहे. समजा पाऊस लागला आणि तुम्ही गावीच अडकलात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पुराच्या पाण्याने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद होता, तेव्हा आपल्या भागात ही शक्यता धरून चालावं. अशा वेळी मोबाईलच्या जीमेल ॲपमध्ये `Settings`, मग तुमचं खातं, मग `Vacation responder` असं जाऊन तारीख बदला. तीन ठिकाणी बदला: विषयात, मजकुरात आणि `Last day` मध्ये. फक्त मजकूर बदलून `Last day` तसाच ठेवला तर जुन्या तारखेला उत्तर गपचूप थांबतं, आणि ते तुम्हाला कळत नाही.

तपासणीसाठी स्वतःच्याच पत्त्यावरून मेल करून उपयोग नाही. शनिवारी 12 तारखेला `First day` तात्पुरता त्याच दिवसाचा करा. मग घरच्या कोणाच्या तरी साध्या जीमेलवरून आणि ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडून, असे दोन मेल मागवा. दोघांनाही उत्तर मिळालं, देवनागरी नीट दिसली, मजकुरातला नंबर लावल्यावर योग्य माणसाने उचलला, एवढं बघून तारीख परत 13 करा. तपासणीतून बाहेरच्याला उत्तर मिळालंच नाही तर वर सांगितलेल्या दोनपैकी एका चौकटीत खूण राहिलेली असते.

एवढं करूनही एक भगदाड राहतं, आणि तुमच्या कामात तेच सर्वांत मोठं आहे. मोठ्या ग्राहकांचं शेड्यूल आणि त्यातले बदल बरेचदा माणूस पाठवत नाही, त्यांचं पुरवठादार-पोर्टल पाठवतं. त्या पत्त्यावर गेलेलं उत्तर कोणी वाचत नाही. 16 तारखेला शेड्यूल वाढवल्याचा मेल आला, तुमचं सुंदर उत्तर यंत्राला गेलं, आणि बदल 22 पर्यंत तसाच पडून राहिला. आपोआप उत्तर फक्त माणसांवर चालतं. यंत्राचे मेल पुढे पाठवावेच लागतात.

त्यासाठी गेल्या महिन्यातले मेल चाळा आणि अशा पत्त्यांची यादी करा. चार-पाच निघतील. मग `Settings` मध्ये `Forwarding and POP/IMAP` उघडून `Add a forwarding address` ने डिस्पॅचचा पत्ता जोडा. त्या पत्त्यावर पुष्टीचा कोड येतो. तो भरल्याशिवाय पुढचं चालत नाही, म्हणून हे रजेच्या आदल्या संध्याकाळवर ठेवू नका. नंतर `Filters and Blocked Addresses` मध्ये नवा फिल्टर करून `From` मध्ये ते पत्ते असे टाका:

```
schedule@ग्राहक-एक OR noreply@ग्राहक-दोन
```

पुढच्या पायरीवर `Forward it to` मध्ये डिस्पॅचचा पत्ता निवडा. सगळेच मेल सरसकट पुढे पाठवू नका. तुमचे पगाराचे आणि खाजगी मेलही त्यात जातील, आणि शंभर मेलांच्या ढिगात शेड्यूलचा एक सहकाऱ्याला दिसणार नाही. शिवाय "मेल पुढे पाठवला गेलेला नाही" हे तुमचं वाक्य खोटं पडेल. कंपनीने पुढे पाठवण्यावर बंदी घातली असेल तर पोर्टलमध्येच जाऊन सूचनांसाठी दुसरा पत्ता जोडता येतो का ते पाहा. हा बदल ग्राहकाकडून करून घ्यावा लागत असेल तर आठवडाभर आधी कळवा.

तुमच्या ऑफिसात काही जण आउटलुकवर असतील तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. तिथे `File` मध्ये `Automatic Replies` मिळतं आणि आतल्यांसाठी व बाहेरच्यांसाठी दोन वेगळे मजकूर असतात. फक्त आतला भरून बाहेरचा रिकामा सोडणं ही तिथली नेहमीची चूक. वेळ तासासकट देता येते, तेव्हा शेवट 22 सप्टेंबर सकाळी 8 असा ठेवावा. ते बटणच दिसत नसेल तर खातं POP किंवा IMAP प्रकारचं आहे. मग नियम करून साचातून उत्तर पाठवता येतं, पण ते संगणक आणि आउटलुक दोन्ही चालू असतील तरच जातं. नऊ दिवस संगणक चालू ठेवण्यावर भिस्त ठेवू नका. वेबसाइटच्या होस्टिंगवर मेल असेल तर cPanel मधलं `Autoresponders` वापरा. तिथे `Interval` तासांत असतो. 0 ठेवलात तर प्रत्येक मेलला उत्तर जाईल, 96 ठेवलात तर जीमेलसारखं चार दिवसांचं अंतर पडेल. `Character Set` `utf-8` असू द्या, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं जातील.

परत आल्यावर 22 ला सकाळी जीमेलच्या वरच्या पट्टीत `End now` दिसत नाही ना, हे बघा. दिसत असेल तर ते दाबा. पोर्टलसाठी केलेला फिल्टरही काढून टाका. तो विसरला की तुमची शेड्यूल महिनोन्‌महिने दोन ठिकाणी जात राहतात. मग आधी सहकाऱ्याकडून ऐकून घ्या की कोणाची गाडी, कोणाची तक्रार त्याने निस्तरली. त्यानंतर शोधाच्या चौकटीत हे टाका:

```
in:inbox is:unread after:2026/09/13 before:2026/09/22
```

रजेतले न वाचलेले मेल तेवढेच समोर येतील. सहकाऱ्याने निस्तरलेले त्यातून बाजूला काढा, आणि उरलेल्यांना सर्वांत जुन्यापासून उत्तर द्यायला घ्या. 13 तारखेला मेल केलेला माणूस सर्वांत जास्त दिवस थांबलेला आहे.